आईची कूस बदलण्याचे काम जीडीपीत कधी धरले जाते आणि कधी नाही?

मृणाल_क

गेल्या वर्षी माझी आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली. सुरुवातीचे आठ महिने तिच्यासाठी दिवसा बारा तासांची एक परिचारिका ठेवली होती आणि तिला महिन्याला १८ हजार देत होतो. त्या काळात आईच्या पाठीला आणि टाचेला शय्याव्रण झाले. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती, पण तेवढे होत नव्हते. जखम चिघळली, रुग्णालयात अकरा दिवस काढावे लागले आणि त्याचे बिल परिचारिकेच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतके झाले. त्यानंतर मी नोकरी सोडली. आता मीच घड्याळ लावून दर दोन तासांनी तिला वळवते, रात्रीसुद्धा. जखमा भरल्या आहेत आणि चार महिन्यांत रुग्णालयात जावे लागलेले नाही.

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही, पण सकल देशांतर्गत उत्पादनाविषयी वाचताना माझ्या लक्षात आले ते असे की, परिचारिकेचा पगार त्यात धरला गेला, रुग्णालयाचे बिल धरले गेले, आणि जखमा भरून आणणारे माझे काम मात्र कुठेच धरले गेले नाही. म्हणजे आईची अवस्था सर्वांत वाईट होती तेव्हा आमच्या घरामुळे हा आकडा वाढला आणि ती सुधारली तेव्हा घटला. हे मी बरोबर समजते आहे का? आणि तसे असेल, तर एकाच कामाला एकदा मोजायचे आणि एकदा वगळायचे, हे कोणत्या तत्त्वावर ठरते?

रविकिरण

मृणालताई, आपण अगदी बरोबर समजला आहात. तत्त्व सोपे आहे: जिथे पैशाची देवाणघेवाण होते तेच मोजले जाते, कारण बाजारात किंमत ठरली नाही तर मोजणार कशाने? परिचारिकेला पैसे दिले म्हणून ते काम धरले. आपण स्वतःला पैसे देत नाही, म्हणून आपले काम धरता येत नाही. यात कोणाचा दुजाभाव नाही, ही केवळ मोजमापाची अडचण आहे. बाकी आपण आईसाठी करत आहात ते पैशात मोजण्यासारखे नाहीच.

पोपटराव_द

ताईंना माझा नमस्कार. घरकामाला सरकारने पगार द्यावा, या मागणीशी मी सहमत नाही. उद्या प्रत्येक जण आपल्या घरातली कामे दाखवून पैसे मागेल आणि तो बोजा करदात्यांवर पडेल. आमच्या घरी माझ्या वडिलांचे सगळे माझ्या पत्नीने केले, पण तिने कधी हिशेब मांडला नाही.

मृणाल_क

पोपटरावकाका, मी पगार मागितलेला नाही. देशाच्या उत्पादनाचा आकडा काढताना कोणते काम आत घेतात आणि कोणते बाहेर ठेवतात, एवढाच माझा प्रश्न आहे. मोजणे आणि मोबदला देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुना_हिशेबनीस

मी तीस वर्षे राष्ट्रीय लेख्यांच्या कामात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रविकिरण यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बहुतेक व्यवहार पैशातूनच दिसतात, हे बरोबर. पण ‘पैसे हातात पडले नाहीत म्हणून मोजले नाही’ हे कारण टिकत नाही, कारण पैशाची देवाणघेवाण अजिबात न होणाऱ्या मोठ्या गोष्टी जीडीपीत आहेत. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे स्वतःच्या घरात राहण्याचे मानीव भाडे. घरमालक स्वतःलाच घर भाड्याने देतो असे समजून, तशाच घरांची भाडी पाहून त्याचा अंदाज बांधला जातो आणि तो आकड्यात मिळवला जातो. शेतकऱ्याने स्वतःच्या घरी खाण्यासाठी पिकवलेले धान्यही धरले जाते. सरकारी शाळेत फी नसली तरी शिक्षकांचा पगार आणि इतर खर्च हेच तिचे उत्पादन समजून ते धरले जाते.

म्हणजे सीमारेषा पैशाने आखलेली नाही, ती नियमाने आखलेली आहे. हा नियम संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत आहे. तिची पहिली आवृत्ती १९५३ साली आली आणि त्यामागे रिचर्ड स्टोन यांचे काम होते. नियम थोडक्यात असा: घराने स्वतःच्या वापरासाठी तयार केलेली वस्तू आत, पण स्वतःच्या वापरासाठी केलेली सेवा बाहेर. या सेवांना अपवाद दोनच, स्वतःच्या घराचा निवारा आणि पगारी नोकराचे काम. मृणालताईंच्या परिचारिकेला घराने थेट नेमले असेल, तर तिचे उत्पादन म्हणजे तिचा मोबदला, बरोबर १८ हजार. ती एखाद्या संस्थेमार्फत आली असेल, तर त्या संस्थेचा नफाही त्यात येतो.

हा नियम लावायला गेले की काय होते ते पाहा. विहिरीवरून घागर भरून घरी आणणे हे उत्पादन आहे, कारण पाणी ही वस्तू आहे आणि ते आणून पुरवणे नियमात स्पष्ट बसते. तेच पाणी उकळून, गाळून आजारी माणसाच्या तोंडी लावणे हे उत्पादन नाही, कारण ती सेवा आहे. परसात भाजी लावणे आत आणि ती शिजवणे बाहेर. बाळासाठी विकत आणलेली दुधाची भुकटी आत आहे, आईचे दूध बाहेर आहे.

अभिजित_ल

काका, हे मानीव भाड्याचे मला खरेच पटत नाही. माझे स्वतःचे घर आहे, त्यातून मला एक पैसाही मिळालेला नाही, उलट कर्जाचे हप्ते जातात. न मिळालेले उत्पन्न माझ्या नावावर कसे काय लिहितात?

जुना_हिशेबनीस

अभिजित, आपल्या नावावर काहीच लिहिले जात नाही, तो संपूर्ण देशाचा अंदाज असतो. कारण असे आहे की, एखाद्या देशात बहुतेक लोक भाड्याने राहतात आणि दुसऱ्यात बहुतेकांची स्वतःची घरे आहेत. दोन्हीकडे घरे सारखीच चांगली असली, तरी मानीव भाडे न धरल्यास पहिला देश अधिक श्रीमंत दिसेल. शिवाय, एखाद्या भाडेकरूने तेच घर विकत घेतले, तर घर तेच, राहणारा तोच, आणि तरी उत्पादन घटलेले दिसेल. ही विसंगती टाळण्यासाठी तो अंदाज घेतला जातो.

ऊर्मिला

हिशेबनीसकाका, आपण नकळत माझाच मुद्दा मांडलात. आपल्या शेवटच्या परिच्छेदातला ‘घर’ हा शब्द काढून तिथे ‘शुश्रूषा’ लिहून पाहा. एका देशात म्हाताऱ्यांना पगारी माणसे सांभाळतात आणि दुसऱ्यात लेकीसुना सांभाळतात. शुश्रूषा दोन्हीकडे सारखीच झाली, तरी पहिला देश श्रीमंत दिसतो. मृणालने परिचारिकेला निरोप देऊन तेच काम स्वतःकडे घेतले, काम तेच, रुग्ण तोच, आणि उत्पादन घटले. भिंतींच्या बाबतीत जी विसंगती असह्य वाटली, ती हातांच्या बाबतीत सत्तर वर्षे चालवून घेतली गेली, याला मी केवळ मोजमापाची अडचण म्हणायला तयार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली अंदाज दिला होता की, जगात रोज १६.४ अब्ज तास बिनपगारी घरकाम आणि सांभाळण्याच्या कामात जातात आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया करतात. एवढे मोठे काम नजरेतून सुटते, तेव्हा रेषा कोणी आखली हे विचारावेच लागते.

जुना_हिशेबनीस

ऊर्मिलाताई, आपला आक्षेप योग्य आहे आणि विसंगती आहे हे मी मान्य करतो. रेषा आखताना विरोध झाला नव्हता असेही नाही. १९४० च्या दशकात फिलिस डीन या तरुण संशोधिकेला मध्य आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचे तक्ते तयार करायला सांगितले गेले. खेड्यांत बायका दिवसभर करत असलेली कामे गाळली तर त्या तक्त्यांना अर्थ उरत नाही, हे तिला तिथे गेल्यावर दिसले आणि तिने ते मांडलेही. नियम मात्र पुढे तिच्या म्हणण्याप्रमाणे झाले नाहीत.

तरीही घराचा निवारा आत आणि घरची सेवा बाहेर ठेवण्यामागे जे कारण दिले जाते ते पोकळ नाही. मानीव भाडे मिळवले तरी रोजगाराच्या आकड्याला धक्का लागत नाही, कारण भिंती कोणाच्या नोकरीत नसतात. पण स्वयंपाक आणि सांभाळणे उत्पादनात धरले, तर ते करणारा प्रत्येक जण व्याख्येनेच ‘कामावर’ ठरतो आणि बेकारी जवळजवळ शून्य होते. कारखाना बंद पडून माणूस घरी बसला आणि घरातली कामे करू लागला, तर त्या मोठ्या आकड्यात ती घट पुष्कळशी झाकली जाईल. मंदी ओळखण्यासाठी, करांचा अंदाज बांधण्यासाठी, व्याजदर ठरवण्यासाठी ज्यांना हा आकडा लागतो, त्यांच्या तो कामाचा राहणार नाही. मुळात तो त्याच कामासाठी बनवलेला आहे.

रविकिरण

मानीव भाड्याचे मला खरेच ठाऊक नव्हते, धन्यवाद. पण मग मृणालताईंच्या घराचा पूर्ण हिशेब मांडून पाहू या का? माझ्या मते परिचारिकेचे १८ हजार गेले आणि ताईंचा पगार गेला, म्हणजे उत्पादन या दोन्हींच्या बेरजेने घटले.

जुना_हिशेबनीस

जरूर मांडू, पण बेरीज एवढी सरळ नाही. परिचारिका दुसऱ्या घरी कामाला लागली असेल, तर तिचे १८ हजार देशाच्या आकड्यातून गेलेच नाहीत, फक्त पत्ता बदलला. ताईंच्या जागी कार्यालयाने दुसऱ्या कोणाला घेतले असेल, तर तिथेही घट नाही. जागा रिकामी राहिली असेल, तर घट पगारापेक्षा जास्त असू शकते, कारण त्यांच्या कामातून कार्यालयाला मिळणारे आधिक्यही गेले. रुग्णालयाचा खर्च मात्र निश्चितपणे कमी झाला. त्या बिलातली परदेशातून आणलेली औषधे वगळता बाकीचे मूल्य देशात निर्माण झालेले होते, आणि ते आता निर्माण होत नाही.

उलट बाजूने एक उदाहरण घ्या. समजा शेजारी राहणाऱ्या दोघी जणी आपापल्या आईला सांभाळत आहेत. त्यांनी ठरवले की, पहिलीने दुसरीच्या आईला सांभाळायचे आणि दुसरीने पहिलीच्या, आणि एकमेकींना १८ हजार द्यायचे. महिनाअखेर दोघींच्या हाती तेवढेच पैसे असतील जेवढे आधी होते. नियमाप्रमाणे मात्र उत्पादन ३६ हजारांनी वाढले. दोन्ही आयांची शुश्रूषा पूर्वीएवढीच झाली, कदाचित थोडी कमी मायेने झाली. असा रोखीचा व्यवहार कोणत्याही कार्यालयात नोंदला जात नाही, तो घरखर्चाच्या आणि रोजगाराच्या नमुना पाहण्यांतून अंदाजाने येतो. म्हणजे आकड्याच्या या भागात नियमाबरोबर पाहणीची मर्यादाही असते.

ऊर्मिला

जीडीपीचा आकडा मंदी ओळखण्यासाठी आहे तसा राहू द्या, हे मी समजू शकते. पण मग शेजारी दुसरा आकडा ठेवा आणि तोही तितक्याच नियमितपणे प्रसिद्ध करा. घरगुती उत्पादनाचे पूरक लेखे काही देश तयार करतात, मग ते सगळीकडे दर तिमाहीला का येत नाहीत?

जुना_हिशेबनीस

कारण ते तयार करणे खरेच अवघड आहे. मृणालताईंची हरकत नसेल तर त्यांचाच महिना घेतो. परिचारिका रोज बारा तासांप्रमाणे महिन्याला ३६० तास देत होती, म्हणजे तासाला ५० पडले. आता ताईंचे तास किती? प्रत्यक्ष हाताने केलेले काम, म्हणजे कूस बदलणे, पुसून घेणे, भरवणे, कपडे बदलणे, हे रोज पाच तास धरले तर महिन्याला १५० तास आणि मूल्य ७,५०० येते. पण त्या घराबाहेर पडू शकत नाहीत, रात्री हाक आली तर उठतात. ते लक्ष ठेवणे काम मानले, तर चोवीस तासांचे ३६ हजार होतात. एकच घर, एकच दर, आणि उत्तरात जवळजवळ पाचपट फरक.

दरही एकच नाही. परिचारिकेचा दर लावायचा की ताईंनी सोडलेल्या नोकरीचा? ताईंना नोकरीत तासाला २५० मिळत होते असे समजलो, तर हाताने केलेल्या कामाचे ७,५०० नव्हे, ३७,५०० होतात. मग जास्त पगाराची नोकरी सोडलेल्या मुलीने बदललेली कूस अधिक मौल्यवान ठरते, आणि हे मला व्यक्तिशः पटत नाही. म्हणून मी परिचारिकेच्या दराच्या बाजूचा आहे, पण या क्षेत्रात यावर एकमत नाही.

मृणाल_क

काका, माझी हरकत नाही, उलट हे वाचून बरे वाटले. मात्र एक गोष्ट खटकते. समजा माझे तास पूरक लेख्यात धरले. आई बरी होत गेली की माझे तास कमी होतील आणि आकडा पुन्हा घटेल. तिला परत व्रण झाले तर ड्रेसिंगचे तास वाढतील आणि आकडा वाढेल. म्हणजे जीडीपीविषयी माझी जी तक्रार होती, तीच या दुसऱ्या आकड्याविषयीही राहते.

जुना_हिशेबनीस

मला जे म्हणायचे होते ते आपण माझ्यापेक्षा नेमके म्हटलेत. ज्या सेवेला बाजारभाव नाही तिचे मूल्य तिच्यात घातलेल्या तासांवरून काढले जाते, सरकारी सेवांच्या बाबतीतही बऱ्याच ठिकाणी असेच होते. तास म्हणजे घातलेले श्रम, त्यांतून काय निष्पन्न झाले ते नव्हे. आईच्या पाठीची त्वचा शाबूत आहे ही निष्पत्ती आहे, आणि ती ना जीडीपीत दिसते ना पूरक लेख्यात. ती पाहायची तर व्रण किती जणांना झाले, किती दिवसांत भरले, सांभाळणाऱ्याची झोप किती तास झाली, हे थेट मोजावे लागते. त्यांची एकत्र बेरीज करून एकच ‘कल्याणाचा आकडा’ काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण व्रण आणि झोप यांना किती वजन द्यायचे हे ठरवणारा पुन्हा कोणीतरी माणूसच असतो.

ज्या सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे पहिले पद्धतशीर तक्ते करून १९३४ साली तिथल्या सेनेटला दिले, त्यांनी त्याच अहवालात बजावले होते की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज क्वचितच बांधता येईल. उत्पन्न मिळवताना माणसाला किती झिजावे लागले ही उलट बाजू त्यात येत नाही, हेही त्यांनी नोंदवले होते. मृणालताईंची तुटलेली झोप त्या उलट बाजूला येते.

क्षितिजा_म

विषय घरातल्या कामाचा चालला आहे, पण जंगल तोडून आणि खाण उपसून आलेले उत्पन्नही असेच एकतर्फी मोजले जाते ना? संपलेल्या खनिजाची वजाबाकी कुठे होते?

जुना_हिशेबनीस

जीडीपीत होत नाही, कारण तो ‘सकल’ आहे, यंत्रांची झीजही त्यात वजा होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लेखा पद्धतीच्या २०२५ च्या नव्या आवृत्तीत निसर्गसंपत्तीचा ऱ्हास हा उत्पादनाचा खर्च मानला आहे, पण त्याचा परिणाम निव्वळ उत्पादनावर होईल, सकलवर नाही. यासाठी आपण स्वतंत्र धागा काढावा, मी तिथे लिहीन.

पोपटराव_द

मृणालताई, आधी मी आपला प्रश्न चुकीचा समजलो होतो, क्षमस्व. वरचे सगळे वाचून काल रात्री पत्नीला विचारले की, वडिलांच्या शेवटच्या वर्षात ती रात्री किती वेळा उठत असे. तिने क्षणभरही विचार न करता ‘तीन वेळा, बारा, दोन आणि चार वाजता’ असे सांगितले. मला वाटत होते की तिने हिशेब ठेवला नव्हता. हे काम कशात धरायचे ते मला सांगता येत नाही, पण मी त्या वर्षी रोज सात तास झोपत होतो एवढे आठवते.

ऊर्मिला

पोपटराव, आपण हे लिहिलेत याबद्दल आभार. वेळेच्या वापराच्या पाहणीत माणसाला दिवसाची दैनंदिनी दहा, पंधरा किंवा तीस मिनिटांच्या घरांत भरायला सांगतात. काही पाहण्यांत मुख्य कामाबरोबर ‘त्याच वेळी आणखी काय चालले होते’ असा दुसरा रकानाही असतो. आपल्या पत्नीचे दोन वाजता उठणे दहा मिनिटांच्या घरात सापडेल, तीस मिनिटांच्या घरात ते ‘झोप’ या नोंदीखाली नाहीसे होईल. हिशेबनीसकाका अडचणी सांगतात त्या खऱ्या आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच पैसे आणि मनुष्यबळ दिले तर कमी होणाऱ्या आहेत. पाहणी दहा वर्षांतून एकदा घ्यायची की दरवर्षी, हा संख्याशास्त्राचा प्रश्न नाही. या बाबतीत माझे आणि काकांचे एकमत होणार नाही.

जुना_हिशेबनीस

दरवर्षी घ्यावी, इथपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. तिची बेरीज मुख्य आकड्यात करावी, तिथे मी थांबतो.

मृणाल_क

या आठवड्यात मी स्वतःच दहा मिनिटांची दैनंदिनी ठेवून पाहिली. हाताने केलेले काम रोज सरासरी साडेपाच तास निघाले, काकांच्या अंदाजाच्या जवळच. एका नोंदीपाशी मात्र अडले. संध्याकाळी मी आईचा हात हातात घेऊन अर्धा तास बसते, ती फारशी बोलत नाही. हे काम म्हणून लिहायचे की विश्रांती म्हणून?

जुना_हिशेबनीस

मार्गारेट रीड यांनी १९३४ सालीच यासाठी एक कसोटी दिली होती आणि ती आजही वापरतात: जे पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल ते काम. कूस बदलणे या कसोटीला उतरते. संध्याकाळचा तो अर्धा तास परिचारिकेकडून करून घेता आला असता का, हे आपणच सांगू शकाल.

मृणाल_क

परिचारिका असतानाही आई त्या वेळी मलाच शोधत असे. मी ती नोंद दुसऱ्या रकान्यात ‘सोबत’ म्हणून लिहिली आहे, पहिला रकाना रिकामा ठेवला आहे.